छोट्या बाथरूममधलं ॲसिड, ब्लीच आणि आपला श्वास

मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला होता. त्या चार घरांची धुणीभांडी करतात, त्यांतल्या दोन घरी संडास-बाथरूमही धुतात. त्यांचा प्रश्न सरळ होता. "संडास धुताना खोकल्याची उबळ येते, डोळ्यांतून पाणी येतं, बाहेर आलं की अर्ध्या तासात थांबतं. हे चालायचंच का?" आम्ही त्यांना विचारलं, काय काय वापरता? त्या म्हणाल्या, आधी निळी बाटली भांड्यात ओतते, घासते, आणि डाग राहिला तर वरून पांढरं ब्लीच टाकते, म्हणजे लखलखीत होतं. आजचं सगळं बोलणं या उत्तरावरच आहे, कारण अशी सवय पुष्कळ घरांत आहे.

आधी बाटल्यांत काय असतं ते पाहू. संडासाच्या भांड्यासाठी मिळणाऱ्या बहुतेक घट्टसर द्रवांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. सुटं मिळणारं 'ॲसिड' त्याहून बरंच तीव्र असतं. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घरगुती बाटलीत बहुधा चार-पाच टक्के. ब्लीचिंग पावडरचाही गुण तोच. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. नळाच्या पाण्याला कधी कधी येतो तोच वास, पण कितीतरी पट तीव्र. लिंबू आणि व्हिनेगर हीसुद्धा आम्लंच, म्हणून तीही ब्लीचमध्ये मिसळायची नाहीत.

किती ब्लीच पडलं तर धोका? हिशेब करून पाहू. चार फूट बाय पाच फुटांचं, आठ फूट उंच बाथरूम घ्या. चाळीतलं किंवा जुन्या बिल्डिंगमधलं बाथरूम साधारण एवढंच असतं. त्यात हवा मावते साडेचार घनमीटर. आता एक चहाचा चमचा, म्हणजे पाच मिलिलीटर ब्लीच ॲसिडात पडलं आणि त्यातला सगळा क्लोरीन मोकळा झाला असं धरा. दार-खिडकी बंद असेल तर त्या हवेत दहा लाख भागांत पंधरा-वीस भाग क्लोरीन होतो. कारखान्यांत दहा भागांनाच जिवाला तत्काळ धोका मानतात. एक चमचा! आणि ताई तर बाटलीतून धार सोडत होत्या. प्रत्यक्षात सगळा वायू एकदम सुटत नाही, थोडा पाण्यात राहतो, दार उघडं असतं, म्हणून माणूस खोकून बाहेर येतो आणि वाचतो. पण ते नशिबावर सोडायचं कशाला?

हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो खाली, फरशीजवळ साचतो. भारतीय पद्धतीचा संडास घासताना आपण उकिडव्या बसतो, तोंड भांड्यापासून हातभर अंतरावर. म्हणजे जिथे वायू सर्वांत जास्त, तिथेच आपलं नाक. पंखा मात्र वर छताजवळ. पंखा चालू असूनही ठसका का लागतो, याचं एक कारण हेच.

दुसरं कारण दाराचं आहे. एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा आत यायला वाट लागते. दार घट्ट लावून, खाली फटही नसताना पंखा चालवला तर तो नुसता घुमतो. म्हणून काम करताना दार उघडंच ठेवायचं. पंखा खरोखर ओढतो की नाही, हे बाटली उघडण्याआधीच तपासता येतं. उदबत्ती पेटवून दाराच्या उंबऱ्याजवळ, खाली फरशीलगत धरा. धूर आत बाथरूमकडे वळला तर हवा योग्य दिशेने चालली आहे. धूर जागीच घुटमळला किंवा तुमच्याकडे आला तर पंख्याच्या जाळीवरची धूळ काढा आणि पुन्हा पाहा. मग उदबत्ती विझवून बाहेर ठेवा. बऱ्याच इमारतींत पंखा मधल्या डक्टमध्ये उघडतो. तो डक्ट वरून झाकलेला असेल तर शेजाऱ्यांचा वास आपल्याकडे आणि आपला त्यांच्याकडे जातो. तिथे पंख्यावर फार भरवसा ठेवू नये.

पंखा नाही, पण खिडकी आहे, अशा ठिकाणी बाहेर कोरड्या जागी, पाण्याचे शिंतोडे येणार नाहीत एवढ्या लांब, टेबलफॅन ठेवा आणि त्याचं तोंड आत करा. ताजी हवा तुमच्या पाठीमागून येईल आणि वाफा खिडकीतून बाहेर ढकलल्या जातील. खिडकी नसेल तर मात्र हा उपाय उलटा पडतो, आतलं सगळं घरात पसरतं. ज्या बाथरूमला खिडकीही नाही आणि पंखाही नाही, तिथे ॲसिड वापरूच नये, असं आमचं मत आहे. तिथे साबणाची पावडर, ब्रश आणि थोडी जास्त मेहनत हेच बरं.

एकटं ॲसिडही गरीब नसतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार जमलेले असतील तर त्यावर ॲसिड पडताच फेस येतो. ते बुडबुडे फुटताना ॲसिडाचे बारीक तुषार उडवतात, तेच घशात जाऊन खवखवतात. गरम पाणी ओतलं तर वाफ आणखी वाढते. म्हणून थंडच पाणी वापरा. द्रव भांड्याच्या कडेने हळू सोडा, आणि सोडून झालं की बाहेर या. दहा-पंधरा मिनिटं ते आपलं काम करतं, तेव्हा तिथे बसून राहायची गरज नसते. मग आत जाऊन घासा, पाणी सोडा, बाहेर या. तोंडाला बांधलेला ओढणीचा पदर किंवा कापडी मास्क शिंतोडे अडवेल, वायू अडवत नाही. त्या भरवशावर जास्त वेळ आत थांबणं हाच धोका.

ब्लीच वापरायचंच असेल तर ते वेगळ्या दिवशी. भांड्याच्या वळणात पाणी साचून राहतं, त्यात ॲसिड उरलेलं असू शकतं, वरून ते दिसत नाही. ब्लीचच्या दिवशीही आधी भरपूर पाणी सोडा. साचलेल्या लघवीत अमोनिया असतो आणि ब्लीचशी मिळून त्याचाही घसा जाळणारा वायू होतो.

आता हातमोजे. दवाखान्यात मिळणारे पातळ मोजे मनगटापाशी संपतात आणि ब्रशच्या काड्यांना लागून फाटतात. भांडी घासायला मिळतात तसे जाड रबराचे, कोपराच्या दिशेने लांब जाणारे मोजे घ्या. घालण्याआधी मोज्यात पाणी भरून बोटं दाबून पाहा, थेंब आला तर तो मोजा या कामाला बाद. सुईएवढ्या भोकातून आत गेलेलं ॲसिड बाहेर पडत नाही, ते कातडीला चिकटून बसतं, आणि मग मोजा नसता तरी बरं झालं असतं अशी गत होते. वरची कड दोन बोटं बाहेर दुमडून ठेवा. भिंतीच्या फरश्या घासताना हात वर गेला की ओघळ कोपराकडे येतो, तो या दुमडीत अडकतो. अंगठी आणि बांगड्या काढून ठेवा, त्यांच्याखाली द्रव साचतो. काम झालं की मोजे हातात असतानाच नळाखाली धुवा, आणि मगच काढा.

डोळ्यांबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि सर्वांत मोठं नुकसान तिथेच होतं. ब्रश बाहेर काढताना त्याच्या काड्या ताणल्या जाऊन सुटतात आणि थेंब थेट चेहऱ्यावर उडतात. नंबरचा चष्मा समोरून थोडा वाचवतो, पण वरून आणि बाजूने मोकळाच असतो. हार्डवेअरच्या दुकानात डोळ्यांभोवती घट्ट बसणारा पारदर्शक सेफ्टी गॉगल मिळतो. चष्म्यावरून बसेल असा मोठा मागा. त्याला नुसती सरळ भोकं असतील तर थेंब आत येतो, झाकलेल्या झडपा असलेला घ्या. तुंबलेल्या नळीसाठी कॉस्टिक सोड्याचे दाणे वापरत असाल तर गॉगलशिवाय डबा उघडूच नका. सोडा पाण्यात पडला की तापतो आणि उसळतो, आणि डोळ्यात गेला तर ॲसिडापेक्षाही खोल जातो.

डोळ्यात काही गेलंच तर लगेच नळाखाली. मान वाकडी करून तो डोळा खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि निदान पंधरा-वीस मिनिटं संथ धार सोडा. घड्याळ लावा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंही वीस वाटतात. दूध, तूप, गुलाबपाणी, लिंबू, खायचा सोडा यातलं काही घालायचं नाही. मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे, बाटली बरोबर घेऊन.

वायूचा झटका बसला तर बाटली बंद करायला किंवा पाणी ओतायला आत जायचं नाही. बाहेर या, घराच्या खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या. छातीत आवळल्यासारखं झालं, शिटीसारखा आवाज आला किंवा दमा असेल तर १०८ ला फोन करा. आणि आधी बरं वाटलं, पण चार-सहा तासांनी दम लागू लागला, तरी डॉक्टरकडे जायचंच. फुप्फुसातली सूज उशिरा दिसू शकते.

त्या ताईंना आम्ही सांगितलं की अर्ध्या तासात थांबणारा खोकला 'चालायचंच' नाही. त्यांनी एका घरी सांगून पाहिलं, तर मालकिणबाईंनी मोजे आणि गॉगल आणून दिला. दुसऱ्या घरी त्यांना ॲसिड कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं मिळायचं, लेबल नसलेलं. ती बाटली त्या आता उघडत नाहीत. ज्यांच्या घरी कामाला बाई येते, त्या मैत्रिणींनी आज बाथरूममधल्या बाटल्या तपासाव्यात. मूळ डब्यातून काढून दुसऱ्यात भरलेलं काही असेल तर त्यावर नाव लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही असं ठेवा. नाव आठवत नसेल तर ते कुणाच्याही हाती देऊ नका.