हाराची किंमत आधी

‘पहाटे एक फूलवाली आपला सगळ्यात चांगला हार एका अनोळखी माणसाला देऊन टाकते.’ पटकथेच्या धंद्यात याला वनलाइन म्हणतात. ऐकायला गोड वाटते, पण एवढ्यावर सात-आठ मिनिटांचा लघुपट उभा राहत नाही. बाई चांगली आहे हे प्रेक्षकाला कळतं आणि तो पुढच्या फिल्मकडे वळतो. त्याला थांबवायचं असेल तर हार हातातून जाण्याआधी त्याला दोन गोष्टी ठाऊक हव्यात: हा हार गेला तर हिचं काय जातं, आणि साधा हार चालण्यासारखा असताना हिने हाच का दिला.

गोष्ट मुंबईत घडवू. दादर स्टेशनच्या पश्चिमेला फूलबाजार पहाटे चारच्या सुमारास भरात असतो. वसई-विरारकडच्या बायका मोगरा, सोनचाफा घेऊन पहिल्या लोकलने येतात, पाट्या मालडब्यात ठेवून. आपली कमल त्यांच्यातलीच एक, वय पन्नाशीचं.

आता अनोळखी माणूस कोण? सगळ्यांना आधी सुचतं ते हॉस्पिटल: हातात फाईल, डोळे लाल, हार कुणासाठी ते सांगायलाच नको. सुचायला सोपं म्हणूनच ते टाळावं. मृत्यू समोर आला की कुणीही हार देईल; मग कमलच्या देण्यात तिचं स्वतःचं असं काही उरत नाही. त्याऐवजी मोटरमन घेऊ. रेल्वेत ज्या महिन्यात साठी पूर्ण होते, त्याच्या अखेरच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. त्याला आपल्या शेवटच्या गाडीला घालायला छोटासा हार हवा आहे. कमल वर्षानुवर्षं पहाटेच्या गाडीने आली, पण गाडी चालवणाऱ्याचं तोंड तिने कधी पाहिलेलं नाही. म्हणजे माणूस अनोळखी आहे, पण परका नाही. हाच हार का, याचं उत्तर इथे आहे.

इथे चाणाक्ष वाचक अडवेल. पहाटेची विरार हाच चालवत होता, तर आज हा दादरला फुलं घेत कसा उभा? मोटरमनच्या ड्युट्या पाळीने बदलतात, हे उत्तर बरोबर आहे. पण ते पटकथेत कुठेतरी उच्चारलं गेलं पाहिजे, नाहीतर प्रेक्षक भावनेच्या ऐन क्षणी हिशोब करत बसतो. ‘आज साडेआठची आहे’ एवढं त्याने म्हटलं की पुरे.

हाराची किंमत आधी मांडायची म्हणजे पहिल्याच सीनमध्ये. ‘ती एक अतिशय सुंदर हार गुंफत आहे’ हे वाक्य पटकथेत निरुपयोगी. कॅमेऱ्याला सुंदर दिसत नाही, त्याला कृती दिसते. म्हणून असं लिहायचं: कमल निशिगंधाच्या कळ्या निवडते, उमललेली बाजूला टाकते. दर वीतभर अंतरावर एक लाल गुलाब. हार पूर्ण झाल्यावर ती तो ओल्या फडक्यात गुंडाळून पाटीच्या मागे ठेवते. एक गिऱ्हाईक बोट दाखवून ‘तो दे’ म्हणतं. ‘तो ऑर्डरचा आहे,’ असं म्हणून ती दुसरा पुढे करते. मग दुकानाच्या पूजेची ऑर्डर दिलेला पोऱ्या येऊन सांगतो: ‘साडेसातला नेतो. दोनशे दिलेत, तीनशे तेव्हा.’ दोनशेची नोट ती कनवटीला लावते. आता हार पाचशेचा आहे, दुसऱ्याचा आहे आणि त्याला वेळ लावलेली आहे.

त्यानंतरचा मुख्य सीन कागदावर साधारण असा दिसेल:

सीन ३. बाह्य. फूलबाजाराचा कोपरा – उजाडताना

*बल्ब अजून चालू. साठीचा माणूस, खांद्याला बॅग. पाटीतला सगळ्यात लहान हार उचलतो.*

माणूस: कितीला, ताई?

कमल: चाळीस. देवाला?

माणूस: गाडीला.

कमल: नवी घेतली?

माणूस: *(हसतो)* जुनीच आहे. बारा डब्यांची.

*कमलचा हात थांबतो.*

माणूस: आज साडेआठची शेवटची. इतकी वर्षं पहाटेची विरार जास्त केली.

*कमल त्याच्याकडे बघते. लहान हार त्याच्या हातातून काढून घेते. मागे वळून फडकं सोडते.*

‘दादा, मी तुमच्याच गाडीने येते हो’ हे वाक्य पहिल्या खर्ड्यात हमखास उतरतं, आणि तेच कापायचं असतं. पण ते कापलं तर कमल त्या गाडीने येते हे प्रेक्षकाला कळणार कसं? आधीच कळलेलं असायला हवं. म्हणून पहिल्या सीनच्या सुरुवातीलाच शेजारीण विचारते, ‘आज पहिली मिळाली का गं?’ आणि कमल मान हलवते. त्या वेळी ही बाजारातली नेहमीची चौकशी वाटते. तिचं काम दोन सीननंतर होतं. शेजारणीचा हा प्रश्न गळला, तर तिसरा सीन कोसळतो.

हार दिल्यावर गोष्ट संपवायचा मोह होतो. पण किंमत मांडली आहे, तर ती चुकती होताना दिसली पाहिजे. चौथ्या सीनमध्ये पोऱ्या येतो. कमल कनवटीची तीच नोट काढून त्याला देते. तो चिडतो, ‘शेठला काय सांगू?’ म्हणतो. ती उरलेली फुलं जवळ ओढते आणि सुई हातात घेते. ‘अर्धा तास दे.’ आता तिच्याकडे उमललेलीच फुलं उरली आहेत, हे प्रेक्षकाने पहिल्या सीनमध्ये पाहिलेलं आहे. पोऱ्या थांबतो की जातो, ते लेखकाने ठरवावं. माझ्या मते त्याने बडबडत का होईना थांबावं, कारण कमलचा धंदा उद्याही चालायचा आहे.

उरला तो उजेड. कागदावर ‘पहाट’ लिहिणं सोपं, पण पहाटे चार आणि पहाटे सहा यांत कॅमेऱ्याच्या दृष्टीने रात्र-दिवसाचा फरक आहे. गोष्ट 31 जानेवारीची धरली, तर मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. चेहरे दिसू लागल्यापासून सूर्य वर येईपर्यंत जेमतेम वीस-बावीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात छोट्या युनिटचे तीन-चार शॉट होतात. म्हणूनच तो निळसर उजेड फक्त तिसऱ्या सीनला द्यायचा आणि तो पानभरापेक्षा लांबवायचा नाही. आधीचे सीन अंधारात बल्बखाली, शेवटचा चक्क उन्हात. तीच गोष्ट 31 मेची केली, तर सूर्य सहालाच येतो आणि पोऱ्याची साडेसातची वेळ बदलावी लागते. हेच टेक पुन्हा घ्यायचे म्हणून हुबेहूब तीन हार लागतील, हेही पटकथेसोबत कळवावं. हाताळलेला निशिगंध लगेच कळतो.

गाडीला हार घातलेला मात्र दाखवू नये. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला रेल्वेची वेगळी परवानगी लागते, आणि गोष्टीलाही त्याची गरज नाही. गोष्ट कमलची आहे, ती बाजारातच राहते.

लिहून झालं की घड्याळ लावून मोठ्याने वाचावं. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब इंग्रजी टाइपरायटरच्या ठरावीक अक्षराचा; देवनागरी पानाला तो नेमका लागू पडत नाही. कृतीच्या ओळीही त्या घडायला लागतील तितका वेळ देऊन वाचायच्या. मग एक परीक्षा: तिसऱ्या सीनमधले सगळे संवाद झाकून फक्त कृती वाचा. कमलने लहान हार परत घेतला आणि ऑर्डरचा हार दिला, एवढं संवादांशिवाय समजत असेल, तर पटकथा शूटिंगला द्यायला हरकत नाही. समजत नसेल, तर दोष बहुधा तिसऱ्या सीनमध्ये नसतो. पहिल्या सीनमध्ये हाराची किंमत मांडायची राहून गेलेली असते.