सत्तर टक्के शेअर्स नेमके कोणाचे?

फ्लॅट घेताना आपण तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, आधीच्या मालकांचे सगळे करारनामे मागून घेतो. खासगी कंपनीतला मोठा हिस्सा घेताना मात्र ताळेबंद आणि कारखाना बघून हात मिळवणारे पुष्कळ आहेत. शेअर्सनाही मालकीची साखळी असते. कायदेशीर तपासणीत, म्हणजे व्यवहारातल्या भाषेत ड्यू डिलिजन्समध्ये, माझ्या मते ती सगळ्यात आधी तपासायला हवी.

समजा, नाशिकच्या एका कंपनीचे एकूण 10,000 शेअर्स आहेत. तीन भावांनी ती सुरू केली तेव्हा थोरल्याकडे 4,000 आणि इतर दोघांकडे प्रत्येकी 3,000 होते. आज थोरला भाऊ 7,000 शेअर्स, म्हणजे सत्तर टक्के हिस्सा विकायला काढतो. शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर आहेत आणि सभासदांच्या नोंदवहीतही त्याचेच नाव आहे. वरवर पाहता सगळे ठीक दिसते.

आता नोंदवहीची मागची पाने उलटा. 2009 साली मधला भाऊ वारला आणि त्याचे 3,000 शेअर्स थोरल्याकडे आले. पण फाइलमध्ये हस्तांतरणाचा फॉर्म नाही, मुद्रांक नाही, पैसे दिल्याची नोंदही नाही. फक्त मृत्यूचा दाखला आणि नामनिर्देशनाचा कागद आहे. शेअर्स वाढले आणि हस्तांतरणाचा फॉर्म सापडत नाही, तर तिथे थांबायचे.

कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत वर्षानुवर्षे चाललेला हा वाद सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी शक्ती येझदानी खटल्यात मिटवला. नामनिर्देशनाने वारसांचा हक्क संपत नाही, असा तो निर्णय आहे. मधल्या भावाने मृत्युपत्र केले नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि त्या वेळी हयात असलेली आई यांचे प्रत्येकी 750 शेअर्स होतात. आईचे नाव हमखास विसरले जाते. थोरल्याचे निर्विवाद शेअर्स उरतात 4,000. सत्तर टक्क्यांचे पैसे मोजणाऱ्याला पक्के मिळतात चाळीस टक्के, म्हणजे बहुमतच हातचे गेले. या चौघांची लेखी संमती आणि हक्कसोड घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पुढचा कागद कंपनीच्या नियमावलीचा, म्हणजे आर्टिकल्सचा. खासगी कंपनीत शेअर्स हस्तांतरणावर कायद्यानेच बंधन असते, ते नेमके कसे आहे हे तिथे लिहिलेले असते. बाहेरच्याला विकण्याआधी शेअर्स इतर सभासदांना देऊ करावेत, अशी अट बहुधा सापडते. मग धाकट्या भावाकडून 'मला घ्यायचे नाहीत' असे लेखी हवे. त्याच्याकडे तीस टक्के आहेत हेही लक्षात ठेवा. आर्टिकल्स बदलायला विशेष ठराव लागतो आणि त्यासाठी विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने पडावी लागतात. सत्तरला तीस, म्हणजे धाकटा एकटा तो अडवू शकतो.

शेअर्स घेतल्यावर कंपनी तीच राहते, म्हणून तिची जुनी देणीही तिच्याकडेच राहतात. कर्जापोटी तारण दिलेल्या मालमत्तेचे बोजे कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर दिसतात. पण थोरल्याच्या दुसऱ्या फर्मच्या कर्जाला कंपनीने नुसती हमी दिली असेल, तर ती बोजांच्या यादीत येत नाही. लेखापरीक्षित ताळेबंदाच्या टिपांत 'संभाव्य दायित्वे' या मथळ्याखाली ती शोधावी लागते. शिवाय संचालक मंडळाच्या सभांचे इतिवृत्त वाचावे आणि बँकेकडून लेखी खुलासा मागवावा.

कारखाना एमआयडीसीच्या भूखंडावर असेल तर जमीन कंपनीच्या मालकीची नसून भाडेपट्ट्याची असते. भाडेपट्ट्याचा करार काढून बघा. हिस्सेदारी बदलताना महामंडळाची परवानगी आणि जादा अधिमूल्य लागते का, हे सौद्याची किंमत ठरण्याआधी कळायला हवे. बँकेचे मंजुरीपत्र आणि मोठ्या ग्राहकांचे करार याच नजरेने वाचावेत. नियंत्रण बदलल्यास करार रद्द करण्याचे कलम त्यांत असू शकते.

सापडलेल्या प्रत्येक त्रुटीची जागा शेवटी करारात ठरते. वारसांच्या सह्या, धाकट्याचा नकार, एमआयडीसीची परवानगी या गोष्टी पैसे देण्याआधीच्या अटी म्हणून घालाव्यात. हमीसारख्या धोक्यासाठी रकमेचा काही भाग एस्क्रो खात्यात रोखून ठेवावा. 'सगळे कायदेशीर आहे' या विक्रेत्याच्या सर्वसाधारण आश्वासनावर विसंबू नये. जी त्रुटी तुम्हाला आधीच माहीत होती, तिच्याबद्दल त्या आश्वासनाच्या आधारे भरपाई मागणे अवघड जाते. तिच्यासाठी भरपाईचे स्वतंत्र कलम, त्रुटीचा नावानिशी उल्लेख करून, लिहून घ्या.

आणि सभासदांच्या नोंदवहीची झेरॉक्स चालवून घेऊ नका. मूळ वही मागवा आणि पहिल्या पानापासून वाचा.