आकडा दिसतोय, पण तो केव्हाचा?

कॉम्प्रेसर बंद पडून अर्धा तास उलटला तरी पडद्यावर हवेचा दाब ६.९ बारच दिसत राहतो. सेन्सर ठीक, कंट्रोलर ठीक, डॅशबोर्डही ठीक. तुटलेला असतो तो मधला रस्ता, आणि तुटल्याची खबर कुणी कुणाला दिलेली नसते. यंत्राची माहिती इंटरनेटवरून पाहण्याची सोय आता लहान कारखान्यांतही आली आहे. तिची खरी परीक्षा होते ती नेटवर्क गेल्यावर, आणि त्याहून जास्त ते परत आल्यावर.

या कामासाठी बहुतेक ठिकाणी एमक्यूटीटी वापरतात. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कोमचे अर्लेन निपर यांनी ती पद्धत तयार केली ती तेलाच्या पाइपलाइनसाठी. ओसाड मुलखातली ठाणी उपग्रहावरून जोडलेली होती. दुवा महाग होता आणि भरवशाचाही नव्हता. म्हणून संदेश अगदी आटोपशीर ठेवले आणि दुवा तुटणार हे सुरुवातीपासूनच गृहीत धरले. कारखान्याच्या शेडमधला मोबाइल राउटर आणि तो उपग्रह यांची दुखणी बरीचशी सारखीच आहेत.

रचना सोपी आहे. कंट्रोलर डॅशबोर्डशी थेट बोलत नाही. मध्ये ब्रोकर नावाचा सर्व्हर असतो. कंट्रोलर एका टॉपिकवर माहिती पाठवतो. ज्यांनी तो टॉपिक मागितला असेल त्यांना ब्रोकर ती पोचवतो. ब्रोकर इतिहास साठवत नाही. कालचा आलेख हवा असेल तर वेगळा डेटाबेस लागतो.

समजा, चाकणच्या एका कारखान्यातला दुसऱ्या क्रमांकाचा कॉम्प्रेसर दर ५ सेकंदांनी दाब कळवतो. त्याचे टॉपिक असे ठेवता येतील:

```
chakan/utility/comp02/pressure
chakan/utility/comp02/status
chakan/utility/comp02/history
chakan/utility/comp02/cmd
```

आधी ठिकाण, मग विभाग, मग यंत्र, शेवटी माहितीचा प्रकार. हा क्रम उपयोगी पडतो तो मागणी करताना. `chakan/utility/+/pressure` एवढे मागितले की त्या विभागातल्या सगळ्या यंत्रांचे दाब येतात, कारण `+` म्हणजे त्या जागी काहीही चालेल. उद्या सातवा कॉम्प्रेसर आला तर डॅशबोर्डच्या मागणीला हातही लावावा लागत नाही. `#` लावले की त्याखालचे सगळेच येते. ते डेटाबेसमध्ये नोंद करणाऱ्या प्रोग्रामला शोभते. मोबाइलवरच्या पडद्यावर ते लादू नये.

इथली चूक मुकी असते. `comp02` आणि `Comp02` हे ब्रोकरच्या लेखी दोन वेगळे टॉपिक. एका अक्षराने चुकलेला संदेशही तो बिनतक्रार स्वीकारतो आणि ज्याची कुणी वाटच पाहत नाही अशा पत्त्यावर ठेवतो. म्हणून नावे लहान लिपीत, आणि वायरिंग सुरू होण्याआधी कागदावर ठरवलेली बरी. `cmd` वेगळा ठेवण्याचे कारण सुरक्षेचे आहे: डॅशबोर्डला बाकी सगळे फक्त वाचता यावे आणि आज्ञा मोजक्याच लोकांना पाठवता यावी, हे टॉपिकनुसार ब्रोकरवर बांधून देता येते.

आता शांततेचा प्रश्न. कंट्रोलर ब्रोकरला जोडला जातानाच एक संदेश त्याच्याकडे ठेवून देतो: मी न सांगता नाहीसा झालो तर `status` वर `offline` लिही. यालाच लास्ट विल म्हणतात. जोडणी झाली की कंट्रोलर स्वतः तिथे `online` लिहितो. दोन्ही संदेश रिटेन करून ठेवायचे, म्हणजे ब्रोकर शेवटची स्थिती जपतो आणि नव्याने उघडलेल्या डॅशबोर्डला ती लगेच देतो.

मात्र ‘नाहीसा झाला’ हे ब्रोकरला लगेच कळत नाही. जोडताना कंट्रोलर कीप-अलाइव्ह सांगतो, समजा ६० सेकंद. त्याच्या दीडपट काळ, म्हणजे ९० सेकंद, काहीच ऐकू आले नाही की ब्रोकर त्याला गेलेला धरतो. ही ९० सेकंदे पडद्यावर `online` आणि ६.९ बार दोन्ही शाबूत असतात. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत कंट्रोलरने मोजमापाची वेळ पाठवावी आणि तीन वाचने चुकली, म्हणजे १५ सेकंद झाली, की डॅशबोर्डने तो आकडा राखाडी करावा. दाबाचा आकडा रिटेन करताना तर ही वेळ हवीच. नाहीतर सकाळी पडदा उघडणाऱ्याला काल रात्रीचा दाब आत्ताचा वाटेल. आज्ञा मात्र कधीही रिटेन करू नये. रिटेन राहिलेली ‘सुरू कर’ ही आज्ञा कंट्रोलर पुन्हा जोडला जाऊन `cmd` मागेल त्या क्षणी त्याच्या हातात पडते, आणि तेव्हा कॉम्प्रेसरपाशी कुणी दुरुस्ती करत असू शकते.

समजा दुपारी २.१० ला नेटवर्क गेले आणि २.२५ ला आले. त्या १५ मिनिटांत १८० वाचने झाली. ती कंट्रोलरने स्वतःच्या मेमरीत राखली असतील तरच वाचतात. जोडणी परतल्यावर आधी ताजा दाब `pressure` वर जावा, आणि साठलेली वाचने `history` वर सावकाश, सेकंदाला दहा या वेगाने. १८ सेकंदांत काम होते. दोन्ही एकाच टॉपिकवर सोडली तर पडद्यावरचा काटा पंधरा मिनिटे मागे जाऊन धावत पुढे येतो आणि कमी दाबाचा जुना अलार्म पुन्हा वाजतो.

संदेश पोचल्याची पावती घ्यायची तर क्यूओएस १ वापरतात. पावती वाटेत हरवली तर तोच संदेश दुसऱ्यांदा येतो. डेटाबेसमध्ये यंत्राचे नाव आणि मोजमापाची वेळ ही जोडी एकदाच नोंदवायची, म्हणजे दुबार वाचन आपोआप गळते.

पुन्हा जोडण्याचे प्रयत्नही बेताने करावे लागतात. वीज परत आली की चाळीस कंट्रोलर एकाच क्षणी ब्रोकरवर धडकतात. म्हणून १, २, ४, ८ सेकंद असे अंतर वाढवत एका मिनिटापर्यंत न्यायचे आणि प्रत्येक वेळी त्यात थोडा यादृच्छिक फरक घालायचा.

वीज गेल्यानंतरचा आणखी एक फसवा दोष घड्याळाचा. लिनक्सवर चालणाऱ्या काही कंट्रोलरांत घड्याळाची बॅटरी संपलेली असेल तर ते १ जानेवारी १९७० पासून सुरू होते. त्या तारखेला ब्रोकरचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते, त्यामुळे कंट्रोलर सुरक्षित जोडणी नाकारतो. नेटवर्क चालू, ब्रोकर चालू, तरी जोडणी होत नाही. उपाय हा की आधी एनटीपीवरून वेळ जुळवायची, मग ब्रोकरला हाक मारायची.

आणि दोन यंत्रांची `status` दर काही सेकंदांनी आलटून पालटून `online`-`offline` होऊ लागली तर केबल तपासण्याआधी क्लायंट आयडी पाहावा. एका कंट्रोलरचा प्रोग्राम दुसऱ्यात जसाच्या तसा उतरवला की आयडीही तोच जातो. एका आयडीचा एकच क्लायंट ब्रोकर ठेवतो. नवा आला की जुन्याला काढतो, जुना परत येतो, नव्याला काढतो. मॉस्किटो या ब्रोकरच्या लॉगमध्ये तेव्हा `already connected, closing old connection` ही ओळ वारंवार दिसते.

यंत्रणा ताब्यात घेताना केबल काढून पाहण्याची चाचणी बरेच जण करतात, पण कंट्रोलरचीच केबल काढतात. तिथे कंट्रोलरला पोर्ट मेल्याचे लगेच कळते. काढायची ती स्विचच्या पलीकडची, राउटरकडे जाणारी. तेव्हा कंट्रोलरचा दिवा हिरवाच राहतो आणि खरी स्थिती उभी राहते. १५ सेकंदांत आकडा राखाडी व्हायला हवा, दीड मिनिटाच्या आसपास `offline` यायला हवे, आणि दहा मिनिटांनी केबल जोडल्यावर आलेखातली १२० वाचने आपापल्या जागी बसायला हवीत.