लिलिएन्थाल का पडला?

विमानाआधी माणूस पॅराशूटने उतरला, मग ग्लायडरने तरंगला. 1797 मध्ये पॅरिसवर गार्नेरँची छत्री भयंकर हेलकावली, कारण कोंडलेली हवा कडेने निसटत होती. पुढे छत्रीच्या माथ्याला भोक ठेवू लागले.

जर्मनीचा ओटो लिलिएन्थाल ग्लायडरला लटकून, पाय झुलवत तोल सांभाळी. 9 ऑगस्ट 1896 रोजी वाऱ्याच्या झोताने नाक वर उचललं. त्याने अंग पुढे झोकलं, पण पंखांची उचल संपली होती. सुमारे 15 मीटरवरून तो कोसळला, दुसऱ्या दिवशी गेला.

राइट बंधूंनी त्यातून नेमकं हेरलं: नुसत्या शरीराच्या वजनाने तोल सावरत नाही. त्यांनी पुढे हलती आडवी फळी बसवली आणि पंखच पिळायची सोय केली. 1901 मध्ये त्यांच्या ग्लायडरचंही नाक वर गेलं, वेग मेला. पण तो सपाट खाली आला, विल्बर वाचला.