प्रतिकूल कब्जा : पलटण रोडच्या खटल्यातून दिसणारे मालकीहक्काचे मर्म

प्रस्तावना

दुसऱ्याच्या जमिनीवर दीर्घकाळ कब्जा ठेवला तर ती जमीन कायद्याने आपली होते, अशी समजूत ठाणे परिसरात सर्रास ऐकू येते. ठाणे पूर्वेच्या कोपरीसारख्या भागात जुनी गावठाणे, चाळी आणि नव्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. तेथे ही समजूत अनेक कुटुंबांच्या आशेचे, तर काहींच्या भीतीचे कारण असते. तिच्यात सत्याचा अंश आहे, परंतु ती अपुरी आहे. नुसत्या वर्षांच्या बेरजेने मालकी मिळत नाही. कब्जा कोणत्या नात्याने आणि कोणत्या दाव्याने ठेवला होता, यावर सारे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हा मुद्दा मुंबईतील एका प्रत्यक्ष खटल्याच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कायद्याची रचना

मुदतीचा कायदा, १९६३ याच्या अनुच्छेद ६५ नुसार, मालकीहक्काच्या आधारे स्थावर मिळकतीचा ताबा मागण्याचा दावा बारा वर्षांत दाखल करावा लागतो. ही मुदत प्रतिवादीचा कब्जा मालकाच्या हक्काविरुद्ध म्हणजेच प्रतिकूल झाला त्या दिवसापासून सुरू होते. शासनाच्या जमिनीबाबत अनुच्छेद ११२ नुसार मुदत तीस वर्षांची आहे.

मुदत संपल्याने सामान्यतः केवळ दावा करण्याचा उपाय बंद होतो, मूळ हक्क कायम राहतो. मुदत संपलेले कर्ज ऋणकोने स्वखुशीने फेडले, तर ते घेण्याचा सावकाराचा हक्क शाबूत असतो. जमिनीबाबत मात्र कलम २७ एक पाऊल पुढे जाते. ताबा मागण्याची मुदत संपताच मालकाचा हक्कच नष्ट होतो, असे ते सांगते. याच कलमामुळे कब्जेदाराच्या हाती हक्क येतो. कायदा त्याला बक्षीस देत नाही, तर आपल्या हक्काबाबत दीर्घकाळ स्वस्थ बसलेल्या मालकाचा हक्क संपवतो. जमिनीची मालकी कायम संदिग्ध राहू नये, कधीतरी प्रश्न मिटावा, हा त्यामागील हेतू आहे.

पलटण रोडची जागा

मुंबई शासनाने १८६५ मध्ये नगरपालिकेला तिच्या जुन्या मंडया एका जागेवरून हलविण्यास सांगितले. त्या बदल्यात क्रॉफर्ड मार्केट परिसरातील पलटण रोड येथे नवी जागा देण्याचा ठराव शासनाने केला. मंडई ही सर्व जनतेच्या उपयोगाची वास्तू असल्याने भाडे आकारू नये, असेही त्यात नमूद होते. पालिकेने जुन्या जागा सोडल्या आणि नव्या जागेवर मंडया उभारण्यासाठी व त्यांच्या देखभालीसाठी सुमारे सतरा लाख रुपये खर्च केले. मात्र जमीन देण्यासाठी कायद्याने आवश्यक असलेला रीतसर दस्त झाला नाही. ठराव होता, पण कायदेशीर प्रदान नव्हते.

१९४० मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी या जागेवर जमीन महसूल आकारण्याचा आदेश काढला. आकारणी ७,५०० रुपयांपासून सुरू होऊन पन्नास वर्षांत ३०,००० रुपयांपर्यंत वाढणार होती. पालिकेने त्याविरुद्ध दावा केला. हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि १९५१ मध्ये निकाली निघाला.

येथे एक अडचण उघड होती. पालिका शासनाच्याच संमतीने आत आली होती. मग तिचा कब्जा शासनाविरुद्ध प्रतिकूल कसा ठरावा? बहुमताने दिलेले उत्तर अत्यंत महत्त्वाचे आहे. परवानगीने आलेला माणूस मालकाचा हक्क मान्य करून, त्याच्या मर्जीवर राहतो. अवैध प्रदानाखाली आलेला माणूस जागा आपल्या हक्काची समजून वापरतो. प्रदान कायद्याच्या दृष्टीने निष्फळ असल्याने त्याचा कब्जा कायदेशीर आधाराविना, पण हक्काच्या दाव्याने असतो. पालिका सत्तर वर्षांहून अधिक काळ उघडपणे व अखंडपणे अशाच दाव्याने जागेवर होती. त्या काळी शासनाविरुद्धची मुदत साठ वर्षांची होती आणि ती १९४० पूर्वीच उलटली होती.

परंतु न्यायालयाने पालिकेला संपूर्ण मालकी बहाल केली नाही. कब्जेदार जेवढ्या हक्काचा दावा करीत राहतो, तेवढाच हक्क कालांतराने परिपक्व होतो. ठरावानुसार पालिका जागा मंडईसाठी, भाड्याविना व कायमस्वरूपी धारण करीत होती. म्हणून तिला मिळाला तो तितकाच मर्यादित हक्क. भाड्यापासूनची सूट हा त्या हक्काचा अविभाज्य भाग ठरला आणि शासनाची आकारणी टिकली नाही. न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी मात्र भिन्न मत दिले. महसूल आकारण्याचा अधिकार जमिनीच्या मालकीहून स्वतंत्र असल्याने तो नष्ट होत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

कोपरीतील एक कल्पित उदाहरण

वरील भेद आपल्या परिसरातील उदाहरणाला लावून पाहू. समजा, कोपरीतील एका मालकाने १९९६ मध्ये आपल्या मोकळ्या जागेवर राखणदाराला खोली बांधून राहू दिले. राखणदाराने वीजजोडणी घेतली व मालमत्ता करही भरला. २०१६ मध्ये मालकाने जागा रिकामी करण्यास सांगितली, तेव्हा ‘ही जागा माझीच आहे’ असे त्याने लेखी उत्तर दिले. वीस वर्षे झाली म्हणून तो मालक झाला का? नाही. ती वीस वर्षे परवानगीची होती. प्रतिकूलतेची गणना झालीच तर ती लवकरात लवकर २०१६ च्या उघड नकारापासून होईल आणि बारा वर्षे २०२८ मध्ये पूर्ण होतील. तोपर्यंत मालकाने दावा दाखल केला, तर गणना तेथेच थांबते. केवळ नोटीस पाठवून मात्र ती थांबत नाही, ही मालकांची नेहमीची चूक आहे.

राखणदाराकडील कराच्या पावत्या कब्जा दाखवतात, कब्जा कोणत्या नात्याने होता हे दाखवत नाहीत. सातबाऱ्यावरील नोंदही स्वतःहून मालकी देत नाही. शिवाय असा बचाव घेणाऱ्याला समोरच्याची मूळ मालकी मान्य करून, आपला कब्जा कोणत्या तारखेपासून त्याच्याविरुद्ध झाला, हे सिद्ध करावे लागते. ‘जागा मुळात माझीच, आणि नसल्यास बारा वर्षांमुळे माझी’ असे परस्परविरोधी कथन करणारे अनेक बचाव येथेच कोसळतात. एकत्र कुटुंबातील सहहिस्सेदारांनाही हेच लागू पडते. एका भावाने जमीन एकट्याने कसली, एवढ्याने दुसऱ्याचा हक्क जात नाही. त्याला हक्कातून उघडपणे वगळले होते, हे दाखवावे लागते.

टीका आणि सद्यःस्थिती

हेमाजी वाघाजी जाट खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा तर्कविसंगत असल्याचे मत व्यक्त करून त्याचा फेरविचार सुचविला. पुढे रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात (२०१९) तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने कब्जेदाराला या हक्काच्या आधारे स्वतः वादी म्हणूनही दावा आणता येतो, असा निर्णय दिला. २०२३ मध्ये विधी आयोगाने २८० व्या अहवालात मुदतीच्या तरतुदी बदलण्याची गरज नाही, असा निष्कर्ष काढला.

समारोप

पलटण रोडचा निकाल या वादाची दुसरी बाजू दाखवतो. तेथे कब्जेदार घुसखोर नव्हता. शासनाच्या शब्दावर विश्वासून त्याने आपल्या जागा सोडल्या होत्या आणि चूक दस्ताच्या अभावाची होती. अशा वेळी काळाने कागदाची उणीव भरून काढली. म्हणून कोणत्याही जागेबाबत पहिला प्रश्न ‘किती वर्षे?’ हा नसून ‘कोणत्या नात्याने?’ हा असावा. वर्षांचा हिशोब त्यानंतरच सुरू होतो.