फिरती पाळी आणि आयुष्याचा टप्पा

कारखान्यात साधारणपणे आठ तासांच्या तीन पाळ्या असतात: सकाळी सात ते तीन, तीन ते रात्री अकरा आणि अकरा ते सकाळी सात. अनेक ठिकाणी त्या दर आठवड्याला बदलतात. शरीराचे आतले घड्याळ मात्र आठवड्याभरात पूर्ण बदलत नाही. पहाटे चारच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत कमी असते, म्हणून तेव्हा डुलकी आणि चुका वाढतात. दिवसाची झोपही रात्रीपेक्षा एक-दोन तास कमी होते.

पाळी निवडताना ती कोणत्या क्रमाने बदलते, हे आधी विचारावे. पहिली, दुसरी, तिसरी असा पुढे सरकणारा क्रम सोसतो, कारण झोप लांबवणे ती अलीकडे आणण्यापेक्षा सोपे असते.

पंचविशीतल्या अविवाहित कामगाराला रात्रपाळी आणि तिचा भत्ता सोयीचा वाटू शकतो. मूल शाळेत जाऊ लागले की अडचण दुसऱ्या पाळीची होते: मूल दुपारी घरी येते तेव्हा पालक कामावर असतो आणि तो परततो तेव्हा मूल झोपलेले असते. अशा घराला कायमची पहिली पाळी सोयीची ठरते. पन्नाशीकडे झोप हलकी होते. इन्सुलिन घेणाऱ्याचे जेवण आणि औषध यांच्या वेळाही रात्रपाळीत बिघडतात.

सुटीच्या दिवशीही झोप भरून निघत नसेल किंवा घरी परतताना गाडीवर डोळा लागत असेल, तर कंपनीच्या डॉक्टरांना दाखवून दिवसपाळी मागावी.