आठ अधिक पाच बरोबर अकरा पूर्णांक सात

घराच्या मेन स्विचपासून दोन वायरी निघाल्या आहेत, एक गीझरकडे आणि एक पाण्याच्या पंपाकडे. वायरमनने गीझरच्या वायरीभोवती टाँग टेस्टर धरला, तर आकडा आला ८ अँपिअर. पंपाच्या वायरीवर आला ५. मग मेनच्या वायरीभोवती धरला, तर १३ ऐवजी ११.७ अँपिअर दिसले. टेस्टर बिघडलेला नाही आणि करंट कुठे गळतही नाही. मेनमधला करंट प्रत्येक क्षणी त्या दोन करंटांची बेरीजच असतो. पण टेस्टर क्षणाचा करंट दाखवत नाही. तो वर-खाली होणाऱ्या लाटेचा एक ठरावीक सरासरी आकडा दाखवतो, शिखराच्या ०.७०७ पट. दोन लाटांची शिखरं एकाच वेळी येत नसतील, तर ती शिखरं सरळ एकमेकांत मिळवता येत नाहीत.

आपल्याकडे विजेची लाट सेकंदाला ५० आवर्तनं करते. गीझरमध्ये फक्त तापणारी कॉइल असते, म्हणून तिथला करंट व्होल्टेजच्या बरोबरीने चढतो-उतरतो. पंपाच्या मोटरचं तसं नाही. तिच्या गुंडाळीभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं आणि करंट मागे पडतो. आपल्या उदाहरणात तो ५३.१३ अंश मागे आहे. एक आवर्तन म्हणजे ३६० अंश आणि २० मिलिसेकंद, म्हणजे ही पिछाडी जेमतेम ३ मिलिसेकंदांची आहे. १३ चे ११.७ होतात ते एवढ्याशा उशिरामुळे.

आता बेरीज लिहू. दोन्हीकडे शिखरासाठीचा १.४१४ हा गुणक सारखाच येतो, तो बाजूला ठेवू:

८ cos ωt + ५ cos(ωt − ५३.१३°)

कॉलेजात शिकवतात त्या वाटेने गेलं, तर दुसरं पद सूत्राने उलगडावं लागतं. त्यातून ३ cos ωt + ४ sin ωt मिळतं आणि एकूण होतं ११ cos ωt + ४ sin ωt. पण ही एक लाट आहे, हे अजून दिसत नाही. म्हणून उत्तर R cos(ωt − δ) असेल असं धरायचं, तेही उलगडायचं, दोन्हीकडचे सहगुणक जुळवायचे, वर्ग करून मिळवायचे आणि R काढायचा. दोन लाटांना हे जमून जातं. तिसरी-चौथी आली की कागद भरतो आणि कुठेतरी अधिक-उणे चुकतं. या सगळ्या खटाटोपात ωt मात्र ओळीमागून ओळ जसाच्या तसा पुढे येतो. सगळ्या लाटांची वारंवारता एकच, तर काळ या हिशेबात काहीच भर घालत नाही. मग तो आधीच बाजूला का काढू नये?

कोसाइनच्या आत अडकलेला ωt बाहेर काढता येत नाही, ही खरी अडचण आहे. ती सोडवणारं सूत्र ऑयलरने १७४८ साली छापलं होतं:

e^(jθ) = cos θ + j sin θ

यातल्या j चा वर्ग उणे एक. गणितात त्याला i लिहितात, पण विजेच्या हिशेबात i हे करंटचं अक्षर, म्हणून j. या सूत्रामुळे कोणतीही कोसाइन लाट ही एका संमिश्र संख्येचा वास्तव भाग म्हणून लिहिता येते, आणि घातांकातली बेरीज गुणाकारात सुटते: e^(j(ωt − φ)) म्हणजे e^(jωt) गुणिले e^(−jφ). आता e^(jωt) दोन्ही लाटांत सामाईक आहे, तो कंसाबाहेर काढा. कंसात उरतं ते असं:

८ + ५e^(−j५३.१३°)

यात काळ नाही. लाटेचा मोठेपणा आणि तिची पिछाडी किंवा आघाडी, एवढंच सांगणारी ही संमिश्र संख्या म्हणजे फेजर. ती कागदावर बाणासारखी काढता येते: लांबी म्हणजे मोठेपणा, कोन म्हणजे फेज. खरं तर सगळे बाण सेकंदाला ५० फेरे घेत असतात. पण जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसलेल्याला जसा शेजारचा घोडा कायम त्याच जागी दिसतो, तसे हे बाण एकमेकांना स्थिर असतात.

मग उरते ती साधी बेरीज. ५३.१३ अंशांचा कोसाइन ०.६ आणि साइन ०.८, म्हणून पंपाचा फेजर ३ − ४j. त्यात गीझरचे ८ मिळवले की ११ − ४j. लांबी √(१२१ + १६) = √१३७, म्हणजे ११.७. कोन उणे २० अंश. मेनमधली लाट ११.७ cos(ωt − २०°).

पडताळा घ्यायचा तर ωt शून्य धरा. मूळ लाटा देतात ८ + ३ = ११, आणि ११.७ गुणिले २० अंशांचा कोसाइनही ११. पाव आवर्तनानंतर गीझरचा करंट शून्य, पंपाचा ४, आणि उत्तराची लाटही तिथे ४ वरच असते. दोन लाटांच्या बेरजेची चूक पकडण्याची आणखी एक सोपी खूण आहे: मोठेपणा वजाबाकी आणि बेरीज यांच्या मध्येच पडला पाहिजे, इथे ३ आणि १३ च्या मध्ये. कोन काढताना मात्र कॅल्क्युलेटरवर विसंबू नये. वास्तव भाग ऋण असला, समजा −३ + ४j, तर व्यस्त टॅन्जंटचं बटण −५३ अंश दाखवतं. बाण मात्र १२७ अंशांवर असतो. कागदावर बाण काढला की हा घोळ लगेच दिसतो.

फेजरची खरी गोडी तिसरी लाट आली की कळते. पंपाला समांतर कपॅसिटर जोडला, तर त्याचा करंट व्होल्टेजच्या ९० अंश पुढे असतो, म्हणजे फेजर नुसता +j च्या दिशेचा. २३० व्होल्टला सुमारे ५५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४ अँपिअर घेतो. बेरीज: ११ − ४j + ४j = ११. आणखी एक उपकरण जोडलं आणि मेनमधला करंट ११.७ वरून ११ वर उतरला! शेतीपंपांना कपॅसिटर बसवायला सांगतात ते यासाठीच, कारण करंट घटला की वायरी कमी तापतात. पण ११० मायक्रोफॅरडचा, दुप्पट मोठा बसवला, तर बेरीज ११ + ४j होते. करंट पुन्हा ११.७, फक्त आता पुढे धावणारा. त्रिकोणमितीच्या सूत्रांत ही गोष्ट दडून राहते, इथे ती एका ओळीत दिसते. चार्ल्स स्टाइनमेट्झने १८९३ साली शिकागोच्या विद्युत परिषदेत संमिश्र संख्यांची ही रीत मांडली, त्यानंतर विद्युत अभियंते हळूहळू याच भाषेत हिशेब करू लागले.

ही रीत बेरजेची आहे, गुणाकाराची नाही. व्होल्टेज आणि करंट या लाटांचा गुणाकार केला की १०० हर्ट्झची नवी लाट जन्मते, आणि ५० हर्ट्झच्या फेजरमध्ये तिला जागा नसते. वास्तव भागांचा गुणाकार हा गुणाकाराचा वास्तव भाग नसतो, म्हणून क्षणाक्षणाची शक्ती काढायची तर आधी फेजरवरून लाटेवर परत यावं लागतं.

दुसरी मर्यादा आपल्या घराघरांत आहे. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर गुळगुळीत लाट ओढत नाहीत. त्यांच्या करंटमध्ये १५०, २५० हर्ट्झच्या लाटाही मिसळलेल्या असतात. ५० आणि १५० हर्ट्झचे बाण वेगवेगळ्या वेगाने फिरतात, त्यांच्यातला कोन सतत बदलतो, त्यामुळे ते एकाच चित्रात मिळवता येत नाहीत. प्रत्येक वारंवारतेची बेरीज वेगळी करायची आणि शेवटी वर्ग मिळवून वर्गमूळ घ्यायचं. टेस्टरच्या आकड्यांत ५० हर्ट्झचे ४ अँपिअर आणि १५० हर्ट्झचे ३ अँपिअर असतील, तर एकूण ५ अँपिअर, मग त्यांचे कोन काहीही असोत. हे ५ बरोबर वाचायला टेस्टरही ‘ट्रू आरएमएस’ हवा. लाट शुद्ध साइनच आहे असं धरून चालणारा स्वस्त टेस्टर इथे चुकीचा आकडा दाखवतो.